चिंचेखाली चिंचेचीच रोपं का दिसतात, आणि तरीही बिया खाणारे शत्रू जंगल एकसुरी का होऊ देत नाहीत

प्रश्न: "उष्ण प्रदेशातल्या जंगलात इतक्या जातींची झाडं एकत्र राहतात ती बिया खाणाऱ्या किड्यांमुळे, असं वाचलं. झाडाजवळ पडलेल्या बिया मरतात आणि लांबच्या वाचतात म्हणे. पण आमच्या बांधावरच्या चिंचेखाली पावसाळ्यात चिंचेचीच रोपं सगळ्यात जास्त असतात, लांब एखाददुसरं. मग हे खरं कसं? आणि बिया खाल्ल्यानं जाती वाढतील का कमी होतील? याला काही पुरावा आहे का?"

उत्तर:

तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे, आणि त्यानं सिद्धांत खोटाही ठरत नाही. गोम मोजणीत आहे. तुम्ही रोपं मोजलीत, पण ती किती बियांमधून आली हे मोजलं नाही. समजा, चिंचेखाली 2000 चिंचोके पडले आणि त्यातून 40 रोपं आली. शंभरातले दोन जगले. लांब ओढ्याकाठी 20 चिंचोके गेले आणि तिथं 2 रोपं आली. शंभरातले दहा जगले. डोळ्यांना झाडाखालची 40 रोपं दिसतात, पण एकेका बीच्या नशिबाचा विचार केला तर लांब पडणं पाचपट फायद्याचं ठरलं. हे आकडे समजावण्यापुरते धरलेत. मात्र या विषयातलं सगळं संशोधन याच भागाकारावर उभं आहे: किती बिया पडल्या, आणि त्यातल्या किती रोपं झाल्या.

मी मूळची सोलापूरची. वीसेक पावसाळे सह्याद्रीच्या दाट जंगलांत बिया आणि रोपं मोजण्यात गेले, आता पुन्हा इथं राहते. दोन्हीकडची झाडं बघितल्यामुळे एक गोष्ट आधीच सांगते. हा सिद्धांत दाट, ओलसर जंगलांतल्या कोड्यासाठी मांडला गेला. आपल्या माळावर पाऊस कमी, उन्हाळा कडक आणि शेळ्या-मेंढ्या भरपूर, त्यामुळे रोप मेलं तर ते किड्यानं मेलं का उन्हानं, हे वेगळं काढणं अवघड जातं. सिद्धांताचे तुकडे इथं दिसतात, सबंध चित्र दिसत नाही.

आता मुख्य गुंता: शत्रूनं बिया मारल्या तर जाती वाढतील कशा? याचं उत्तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला खरं तर ठाऊक आहे. एकाच रानात तुरीवर तूर घेत गेलं की मर रोग वाढतो. मर रोगाची बुरशी जमिनीत साठत जाते, आणि पुढच्या वर्षीची तूर उभ्या उभ्या वाळते. त्याच रानात ज्वारी पेरली तर त्या बुरशीचा ज्वारीला काही त्रास नाही. म्हणून आपण फेरपालट करतो. म्हणजे ते रान सरसकट वाईट झालेलं नसतं, ते फक्त तुरीसाठी वाईट झालेलं असतं. जंगलातल्या मोठ्या झाडाच्या पायाशी हेच घडतं. वर्षानुवर्षं तिथं त्याच जातीच्या बिया पडतात, तिथंच त्या जातीचे भुंगे, अळ्या आणि बुरशा ठाण मांडतात. ती जागा त्या झाडाच्या स्वतःच्या पिलावळीसाठी घातक होते, दुसऱ्या जातीच्या बीसाठी मात्र मोकळी राहते. फेरपालट करणारा शेतकरी तिथं नसतो, ते काम शत्रू करतात.

ही कल्पना दोघांनी स्वतंत्रपणे मांडली. डॅनियल जॅन्झेन मध्य अमेरिकेत, मुख्यतः कोस्टा रिकात, बिया पोखरणाऱ्या भुंग्यांवर काम करत होते. त्यांचा लेख 1970 साली आला. जोसेफ कॉनेल ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या जंगलात रोपं मोजत होते, त्यांची मांडणी 1971 सालची. म्हणून आज दोघांची नावं जोडून घेतली जातात. दोघांच्या मांडणीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या लोक हमखास एकत्र करतात. पहिली म्हणजे अंतर: शत्रू आईझाडापाशीच मुक्कामाला असेल तर जवळची बी मरते, मग ती एकटी का असेना. दुसरी म्हणजे दाटी: शत्रू कुठूनही येवो, जिथं बियांचा सडा असेल तिथं तो थांबतो, अंडी घालतो, वाढतो. झाडाखाली या दोन्ही गोष्टी एकत्रच असतात, त्यामुळे नुसतं बघून कोणती काम करते ते कळत नाही. ते कळायला प्रयोग करावा लागतो. लांब नेऊन दाट ढीग ठेवायचा, आणि झाडाखालची जागा झाडून घेऊन तिथं मोजक्याच बिया ठेवायच्या.

जॅन्झेन यांचा एक प्रयोग सोलापूरकराला लगेच पटेल. कपाशीवरचा लाल ढेकण्या तुम्ही पाहिला असेल, बोंडातली सरकी शोषणारा. त्याच कुळातला एक ढेकण्या कोस्टा रिकाच्या पानझडी जंगलात स्टेरक्युलिया नावाच्या झाडाच्या बिया शोषतो. जॅन्झेन यांनी या झाडाच्या बिया झाडाखाली आणि झाडापासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवल्या. झाडाखालच्या बियांवर ढेकण्यांची झुंबड उडाली आणि त्या रिकाम्या झाल्या, लांबच्या बिया त्यांना सापडेनात. हा लेख 1972 सालचा. झाडाखाली पडलेली बी फुकट जाते, जनावरानं लांब नेलेली बी सुटते, हे इतक्या साधेपणानं दाखवणारं काम मला अजून आवडतं.

पण मोजमापाच्या दृष्टीनं मी विद्यार्थ्यांना नेहमी व्हिरोलाचं उदाहरण देते. पनामा कालव्यासाठी धरण बांधलं तेव्हा पाण्यात एक डोंगर बेट होऊन उरला, त्याचं नाव बॅरो कोलोरॅडो. तिथं व्हिरोला नावाचं झाड आहे, आपल्या जायफळाच्या कुळातलं. जायफळाला जशी जायपत्री तशी त्याच्या बीवर लाल जाळी असते. टुकान आणि इतर मोठे पक्षी ती खायला येतात आणि बी लांब नेऊन टाकतात. हेन्री हाऊ आणि सहकाऱ्यांनी 1985 साली या बियांचं काय होतं ते प्रसिद्ध केलं. झाडाच्या घेराखाली पडलेल्या बियांपैकी 99.96 टक्क्यांहून जास्त 12 आठवड्यांत मेल्या. मोठा मारेकरी होता एक सोंड्या भुंगा. झाडापासून 45 मीटरवर पडलेल्या बीला घेराखालच्या बीपेक्षा जगण्याची संधी 44 पट मिळाली.

आता हा आकडा घेऊन थोडं गणित करू, कारण सिद्धांताची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही इथंच दिसतात. समजा, एका झाडाखाली 10,000 बिया पडल्या. 99.96 टक्के मेल्या म्हणजे उरल्या 4. त्याच झाडाच्या 200 बिया पक्ष्यांनी 45 मीटरवर नेल्या. तिथं जगण्याचं प्रमाण 44 पट, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. 200 पैकी तीन-चार वाचल्या. म्हणजे 44 पट फायदा असूनही झाडाखाली आणि लांब उरलेल्या रोपांची संख्या जवळजवळ सारखीच झाली! पक्षी कमी असते आणि लांब 50 च बिया गेल्या असत्या, तर झाडाखालीच जास्त रोपं दिसली असती. तुमच्या चिंचेखाली तेच दिसतंय.

हाच मुद्दा स्टीफन हबेल यांनी 1980 च्या सुमारास जोरात मांडला. त्यांचं म्हणणं असं, की झाडाजवळ बिया इतक्या प्रचंड पडतात, की मोठा संहार होऊनही तिथं काहीतरी उरतंच. आधी कोस्टा रिकातल्या पानझडी जंगलाचा नकाशा काढताना त्यांना बहुतेक जातींची झाडं एकमेकांपासून दूर दूर नाही, तर पुंजक्या-पुंजक्यानं उभी दिसली होती. यावरून काहींनी सिद्धांत मोडीत काढला. मला तसं वाटत नाही. पुंजके दिसणं आणि पुंजक्यात जगणं महाग पडणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मात्र हबेल यांच्या आक्षेपानं एक धडा दिला: एका जातीची बी झाडाजवळ मरते एवढं दाखवून भागत नाही, त्यामुळे जंगलातल्या जातींची संख्या टिकते हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

तो दुवा असा आहे. समजा, एका जंगलात एका जातीची 1000 झाडं आहेत आणि दुसऱ्या जातीची फक्त 5. प्रत्येक झाडाभोवतीचा काही मीटरांचा घेर त्याच्या स्वतःच्या जातीसाठी वाईट. पहिल्या जातीनं जंगलाचा मोठा भाग स्वतःसाठीच खराब करून ठेवलाय, तिची बी कुठंही पडली तरी जवळपास एखादं जातभाई झाड असणारच. दुसऱ्या जातीला जवळजवळ सगळं जंगल मोकळं आहे. म्हणजे जी जात वाढते तिच्या वाढीला आपोआप लगाम बसतो, आणि जी विरळ होते तिच्या एकेका बीला जास्त संधी मिळते. विरळ जातीला मिळणारी ही सवलतच विविधता टिकवते. नुसत्या बिया मरण्यानं विविधता टिकत नाही, भरमसाट झालेल्या जातीच्या बिया प्रमाणाबाहेर मरण्यानं टिकते.

यासाठी एक अट मात्र पाळली गेली पाहिजे: शत्रू त्या-त्या जातीचा खास असला पाहिजे. सगळं खाणारा उंदीर चिंचोक्याबरोबर शेजारची दुसरी बीही खातो, त्यानं कुणाला सवलत मिळत नाही. जॅन्झेन यांनी वर्षानुवर्षं कोस्टा रिकात बिया गोळा करून बरण्यांत ठेवल्या आणि त्यातून कोणता भुंगा निघतो ते नोंदवलं. 110 च्या आसपास जातींचे भुंगे निघाले आणि त्यातले बहुतांश एकाच जातीच्या झाडाच्या बियांतून निघाले. हा या सिद्धांताचा भक्कम आधार आहे. आपल्याकडच्या चिंचोक्यातला भुंगा या कसोटीला उतरत नाही. तो कॅरिडॉन. तोच साठवलेल्या भुईमुगाच्या शेंगा पोखरतो आणि बाभूळ, बहावा अशा शेंगवर्गीय झाडांच्या बियांतही सापडतो. म्हणून चिंचेखालचे भोकं पडलेले चिंचोके बघून "हाच तो विविधता टिकवणारा किडा" असं मी म्हणणार नाही. तो बिया नक्की मारतो, पण एका जातीला आवर घालून दुसरीला वाट करून देतो असं त्याच्याबाबत म्हणता येत नाही.

आता सबंध जंगलाचा पुरावा. बॅरो कोलोरॅडोवर 50 हेक्टरचा एक तुकडा आखून ठेवलाय, त्यात सुमारे 300 जातींची झाडं आहेत. काइल हार्म्स, जोसेफ राइट आणि सहकाऱ्यांनी तिथं बिया झेलायला 200 जाळ्या टांगल्या आणि प्रत्येक जाळीजवळ एकेक चौरस मीटरच्या तीन चौकटी आखल्या, म्हणजे 600 चौकटी. वरून किती बिया आल्या ते जाळीतून, आणि खाली किती नवी रोपं आली ते चौकटीतून. वर सांगितलेला भागाकार त्यांनी एका जातीसाठी नाही, पुरेशा बिया-रोपं मिळालेल्या 53 जातींसाठी केला. 2000 साली निष्कर्ष आला: 53 च्या 53 जातींत, जिथं स्वजातीच्या बिया दाट तिथं बीमागं रोपं कमी. आणि जाळीतल्या बियांपेक्षा चौकटीतल्या रोपांत जातींचं मिश्रण जास्त सरमिसळ होतं. पडताना एकसुरी असलेला बियांचा पाऊस रोपं होईपर्यंत बहुरंगी झाला.

हा लेख आला तेव्हा आम्ही सगळे भारावून गेलो होतो. पुढं मात्र त्यातली एक अडचण स्पष्ट होत गेली, आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. जाळीत पडलेल्या बिया म्हणजे शेजारच्या चौकटीत पडलेल्याच बिया नव्हेत. समजा, एका जाळीत पक्ष्याची एक विष्ठा पडली आणि 50 बिया आल्या, शेजारच्या चौकटीत मात्र दोनच पडल्या. तिथं रोप एक आलं. हिशेबात दिसणार, "50 बियांमागं एकच रोप, केवढा संहार!" उलट एखाद्या जाळीत शून्य आणि चौकटीत दहा बिया पडल्या असतील. बियांच्या मोजणीत चूक असली की ती चूक नेहमी एकाच दिशेला ओढते, दाटीत संहार जास्त झाल्याचा भास होतो. मातेओ देत्तो आणि सहकाऱ्यांनी 2019 साली ही चूक गणितानं नीट दाखवली. परिणाम खोटा आहे असा याचा अर्थ नाही. नुसत्या निरीक्षणातून त्याचा आकार फुगून दिसतो, आणि म्हणून शत्रू काढून बघण्याचे प्रयोग महत्त्वाचे ठरतात.

असा प्रयोग बेलीझमधल्या चिकिबुल जंगलात झाला. रॉबर्ट बागची आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या छोट्या चौकटींपैकी काहींवर बुरशीनाशक फवारलं, काहींवर कीटकनाशक, काहींवर नुसतं पाणी. वरून बिया सगळीकडे नेहमीसारख्याच पडत होत्या. शत्रू खरोखरच विविधता टिकवत असतील, तर त्यांना काढल्यावर जाती कमी व्हायला हव्यात. 2014 साली आलेला निकाल असा: बुरशीनाशक फवारलेल्या चौकटींत रोपांच्या जाती सुमारे 16 टक्क्यांनी घटल्या, आणि दाटीमुळं बसणारा फटकाही तिथं नाहीसा झाला. कीटकनाशक फवारलेल्या चौकटींत रोपं कितीतरी जास्त आली आणि कोणत्या जाती वरचढ ठरल्या तेही बदललं, पण जातींची संख्या तशी ठळकपणे घटली नाही.

याचा अर्थ तुमच्या प्रश्नासाठी मोठा आहे. कीटक बिया मारतात यात शंकाच नाही, कुणी जिंकायचं यावरही त्यांचा प्रभाव पडतो. पण जातींची संख्या राखण्याचं काम त्या जंगलात तरी बुरशांनी जास्त केलं. बियांवर आणि नुकत्याच रुजलेल्या रोपांवर हल्ला करणाऱ्या बुरशा डोळ्यांना दिसत नाहीत, भुंग्याचं भोक मात्र लगेच दिसतं. पहिली काही दशकं आमचं लक्ष भोकाकडे जास्त राहिलं. आज कुणी विचारलं तर मी म्हणते: एकेका जातीपुरतं, अंतरानुसार बिया मारल्या जातात याला चांगला पुरावा आहे. सबंध जंगलाच्या विविधतेसाठी तुरीच्या मर रोगासारख्या जमिनीतल्या शत्रूंचा पुरावा त्याहून पक्का आहे. जगभरच्या प्रयोगांची एकत्र गोळाबेरीजही याच दिशेनं जाते. 2003 सालच्या गोळाबेरजेत बियांच्या टप्प्यावर अंतराचा सर्वसाधारण परिणाम सापडला नाही. लिझा कोमिता आणि सहकाऱ्यांच्या 2014 सालच्या मोठ्या गोळाबेरजेत अंतर आणि दाटी दोन्हींचा परिणाम आढळला, पण बियांपेक्षा रोपांत तो ठळक होता.

आपल्या जवळचा एक अभ्यासही आहे. मेघना कृष्णदास आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या पश्चिम घाटात असाच फवारणीचा प्रयोग जंगलाच्या कडेपासून आतपर्यंत केला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. जंगलाच्या आत शत्रूंचा परिणाम दिसला, कडेकडे येता येता तो क्षीण होत गेला आणि तिथल्या रोपांत जातीही कमी होत्या. कडेला ऊन-वारा जास्त, ओल कमी. सोलापूरचा माळ त्या दृष्टीनं सगळाच "कडेचा" प्रदेश. कोरड्या जमिनीत, जिथं ओल चारच महिने टिकते, तिथं बुरशीचा जोर दाट जंगलासारखा असेल अशी अपेक्षा मी धरत नाही.

यात कुठं फसायला होतं ते माझ्याच चुकीवरून सांगते. सह्याद्रीत पहिल्या हंगामात मी झाडाखाली आणि लांब बियांचे ढीग ठेवले आणि आठवड्यानं जाऊन किती गायब झाल्या ते मोजलं. जितक्या गायब, तितक्या "खाल्ल्या" असं लिहीत गेले. दुसऱ्या वर्षी प्रत्येक बीला बारीक नायलॉनचा दोरा आणि टोकाला रंगीत चिठ्ठी बांधली. तेव्हा कळलं की गायब झालेल्या बियांपैकी काही उंदरांनी नेऊन पालापाचोळ्याखाली पुरल्या होत्या, धडधाकट. माझा पहिला हंगाम त्यामुळं वाया गेला, कारण "नेली" आणि "मारली" यांत मी फरक केलाच नव्हता. पनामात याचा फार सुंदर अभ्यास झालाय. अगूटी नावाचा मोठा उंदीरवर्गीय प्राणी ताडासारख्या एका झाडाच्या बिया पुरतो, दुसरा अगूटी त्या चोरून पुन्हा पुरतो. बियांना रेडिओ चिठ्ठ्या लावल्या तेव्हा एक बी 36 वेळा उकरून पुन्हा पुरली गेल्याचं दिसलं. जो बी खातो तोच तिला आईपासून लांबही नेतो.

तुम्हाला बांधावर स्वतः तपासायचं असेल तर तपासता येईल, आणि करावं असं मला मनापासून वाटतं. आधी एक अडचण सोडवा: चिंचा झोडून नेल्यावर खाली पडतात ते उरलेसुरले चिंचोके, आणि घरात चिंच फोडून काढलेले चिंचोके उकिरड्यामार्गे भलतीकडेच जातात. त्यामुळे झाडाखाली दिसणाऱ्या संख्येवर विसंबू नका, मोजलेले चिंचोके स्वतः ठेवा. ठेवण्यापूर्वी त्यातले थोडे बरणीत घालून तोंडाला सुती कापड बांधा आणि दीड-दोन महिने बघा. भुंग्याची अळी आत असते तेव्हा चिंचोका बाहेरून साबूत दिसतो. बरणीत भुंगे निघाले तर ते झाडावरच्या शेंगेतच लागलेले होते, जमिनीवरच्या अंतराशी त्यांचा संबंध नाही. हे न केल्यामुळे अनेकांचे निष्कर्ष उलटेपालटे होतात.

मग झाडाच्या घेरात आणि सगळ्यात जवळच्या चिंचेपासूनही किमान 50 मीटर लांब अशा जागा निवडा. रस्त्याकडेला चिंचांची रांग असेल तर "लांब" ही जागाच मिळत नाही, तिथं हा प्रयोग करू नका. दोन्ही ठिकाणी दोन प्रकारचे ढीग ठेवा, 2 चिंचोक्यांचे आणि 20 चे, म्हणजे अंतर आणि दाटी वेगळी काढता येईल. प्रत्येक प्रकारचे पाच-सहा ढीग हवेत. एका ढिगावरून काहीही ठरत नाही, एकच उंदीर सगळं चित्र बदलतो. निम्म्या ढिगांवर उंदीर जाणार नाही पण भुंगा जाईल अशी लोखंडी जाळी उपडी घाला आणि दगडानं दाबा. जाळीतल्या आणि उघड्या ढिगातला फरक म्हणजे उंदीर, खारी, शेळ्यांचा वाटा. जाळीतलं उरलेलं नुकसान भुंगे, मुंग्या आणि बुरशीचं. उघड्या ढिगातल्या चिंचोक्यांना दोरा बांधलात तर गेलेल्यांपैकी काही शोधता येतील.

तपासताना खुणा ओळखा. गोल, गुळगुळीत कडेचं भोक म्हणजे भुंगा बाहेर पडला. कुरतडलेली, दातांच्या खुणा असलेली कड म्हणजे उंदीर किंवा खार. वरून साबूत पण कापल्यावर आतून काळपट, मऊ आणि वासाचा म्हणजे बुरशी. हे चिंचोके सुरीनं दोन भाग करून बघावे लागतात, दाबून कळत नाही. पावसाळ्यात आलेली रोपंही नुसती मोजून सोडू नका. प्रत्येकाशेजारी काडी रोवा आणि दिवाळीत, मग संक्रांतीला पुन्हा बघा. आडवं पडलेलं, मातीलगत बुडखा काळा-पातळ झालेलं रोप बुरशीनं गेलं. उभं वाळलेलं पाण्याअभावी. शेंडा खुडलेलं शेळीनं. झाडाखालच्या चाळिसांतली किती उरतात आणि ओढ्याकाठच्या दोनांतली किती, यावर तुमच्या चिंचेपुरतं उत्तर ठरेल. आणि झाडाखालच्यांचं नुकसान सावली व शेळ्यांनी झालं असं दिसलं, तर तेही तसंच लिहून ठेवा. ते सिद्धांताच्या बाजूचं नसलं तरी तुमच्या बांधाबद्दलचं खरं उत्तर आहे.

प्रयोग फाल्गुनात लावा, चिंचा झोडायच्या आधी, म्हणजे झाडाखाली नवे चिंचोके पडून तुमच्या ढिगांत मिसळणार नाहीत असा एक तुकडा कापडानं झाकून ठेवता येईल. जूनचा पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक फेरी पुरते.